कडपा भिजल्या आणि नोंद ‘पूर’ अशी झाली: धानाच्या विमा दाव्यासोबतचं पत्र

प्रश्न: मौदा तालुक्यात बाबांच्या नावे चार एकर धान आहे, विमा काढलेला आहे. कापणी झाली होती आणि अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रातल्या मुलाने ॲपवर नुकसान टाकलं, कारण म्हणून ‘पूर’ निवडलं. नोंदणी क्रमांक आला. आता कंपनीचा तालुक्यातला माणूस म्हणतो, कागदांसोबत एक पत्र जोडा. पत्रात काय लिहायचं? सगळं धान गेलं असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर:

भाऊ, पत्राच्या मजकुराआधी त्या ‘पूर’ शब्दाकडे बघा. तुमचा दावा अडला तर बहुतेक तिथेच अडेल, आणि पत्राचं पहिलं काम तो शब्द दुरुस्त करणं हेच आहे. मी बरीच वर्षं पीक नुकसानीच्या पाहणीचं काम केलं. आता नागपुरात राहून मौदा, रामटेक, कुही भागातल्या शेतकऱ्यांचे कागद तयार करायला मदत करतो. कागद तपासणारा माणूस तुमच्या वावरात कधीच आलेला नसतो. त्याच्यासमोर विम्याची पावती, ॲपवरची सूचना, पंचनामा आणि पावसाची नोंद असते. या चारही ठिकाणी कारण, पिकाची अवस्था, तारीख आणि क्षेत्र जुळलं की फाईल पुढे सरकते. एक जरी गोष्ट वेगळी दिसली तरी तो शेरा मारून बाजूला ठेवतो. पत्र लिहायचं ते या चार गोष्टी एका पानावर जुळवून दाखवण्यासाठी.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमची पावती कोणत्या हंगामाची आहे? पंतप्रधान पीक विमा योजनेत एकट्या शेतकऱ्याच्या नुकसानीची वेगळी भरपाई मिळते की नाही, हे राज्य सरकार त्या हंगामासाठी काय अधिसूचित करतं त्यावर ठरतं. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयात विमा बंद झाला आणि त्याच वेळी वैयक्तिक नुकसानीच्या बाबी वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या उत्पन्नावर ठेवली गेली. म्हणून तुमच्या हंगामाच्या शासन निर्णयात ‘काढणीपश्चात नुकसान’ ही बाब आहे का, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. कंपनीचा माणूस कागद मागतोय, यावरून ती असावी असं वाटतं, पण त्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. पुढचं सगळं ती बाब लागू आहे असं धरून लिहितो. नसेल तर काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता ‘पूर’ का नडतो ते बघा. उभ्या पिकासाठी योजनेत ‘स्थानिक नैसर्गिक आपत्ती’ म्हणून ठरावीक धोके आहेत: गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणं, ढगफुटी आणि वीज पडून लागलेली आग. यात ‘अवकाळी पाऊस’ हे शब्दच नाहीत. त्यातही धान हे पाण्यात वाढणारं पीक म्हणून २०१८ मध्ये त्याच्यासाठी ‘शेत जलमय होणं’ हा धोका वैयक्तिक भरपाईतून काढून टाकला गेला. केंद्राने तो २०२६ च्या खरिपापासून धानाला पुन्हा लागू करण्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे त्याआधीच्या हंगामात ‘धान’ आणि ‘पूर’ हे दोन शब्द एका अर्जात आले की तपासणाऱ्याला नकार देणं सोपं जातं, वावरात खरंच घोटाभर पाणी असलं तरी.

अवकाळी पाऊस नावानिशी येतो तो ‘काढणीपश्चात नुकसान’ या बाबीत. तिथे गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळामुळे आलेला पाऊस आणि अवकाळी पाऊस हे चार धोके आहेत. अट अशी की पीक कापून सुकवण्यासाठी शेतातच पसरलेलं किंवा लहान पेंढ्या बांधून ठेवलेलं असावं, आणि नुकसान कापणीपासून १४ दिवसांच्या आत झालेलं असावं. आपल्याकडच्या धानाच्या कडपा म्हणजे नेमकी हीच अवस्था. कापलेलं धान दोन-चार दिवस उन्हात सुकावं म्हणून आपण ओळीने आडवं टाकतो, मग भारे बांधतो, मग पुंजणे रचतो. विम्याचं संरक्षण कडपांपाशी आहे. मळणीआधी एका जागी ढीग करून रचलेलं पीक, म्हणजे आपले पुंजणे, या बाबीतून वगळलेले आहेत. हार्वेस्टरने कापलं असेल तर कडपाच पडत नाहीत, दाणा सरळ ट्रॉलीत जातो, तेव्हा तो भागही यात बसत नाही.

इथे बरेच शेतकरी नकळत स्वतःचं नुकसान करून घेतात. पत्रात ‘कापून ठेवलेलं धान भिजलं’ एवढंच लिहितात. ‘ठेवलेलं’ म्हणजे कडपा की पुंजणे? वाचणाऱ्याला कळत नाही, आणि शंका आली की तो पुंजणेच धरतो. म्हणून ‘कापणी करून सुकवण्यासाठी शेतात पसरलेल्या कडपा’ असे पूर्ण शब्द लिहा, आणि फोटोतही कडपांच्या ओळी दिसू द्या.

यातूनच तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर निघतं. सगळं धान गेलं असं लिहू नका. चार एकरातलं किती कडपांत होतं, किती पुंजण्यात गेलं होतं, किती उभं होतं, ते वेगळं करा. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून समजुतीसाठी घेतो. विमा उतरवलेलं क्षेत्र १.६० हेक्टर. त्यातलं ०.५० हेक्टरचं धान पावसाआधीच पुंजण्यात गेलं होतं. ०.२० हेक्टरमध्ये उशिराचं वाण अजून उभं होतं. उरलेलं ०.९० हेक्टर कडपांत होतं आणि तेच भिजलं. मग बाधित क्षेत्र ०.९० हेक्टर लिहायचं. पुंजण्याचं ०.५० लपवू नका. पाहणीला येणाऱ्याला पुंजणे दिसणारच आहेत, आणि तुम्ही आधीच लिहून दिलं असेल तर तुमच्या ०.९० वर त्याचा विश्वास बसतो. क्षेत्र सातबाऱ्याच्या भाषेत, हेक्टर आणि आरमध्ये लिहा. एक एकर म्हणजे जवळपास ४० आर, त्यामुळे ०.९० हेक्टर म्हणजे साधारण सव्वादोन एकर. पत्रात एकर आणि पावतीवर हेक्टर असं झालं की बेरजेत गोंधळ उडतो.

नुकसानीचं प्रमाणही असंच मोजून लिहा. मी शेतकऱ्यांना सांगतो ती रीत साधी आहे. वावरातल्या पाच वेगवेगळ्या जागा निवडा, खोलगट भागातल्याही आणि उंचावरच्याही. प्रत्येक जागच्या कडपेतून एक मूठ लोंब्या हाताने झोडा आणि न निवडता १०० दाणे मोजा. कोंब फुटलेले, कुजलेले, पोचट झालेले दाणे एका बाजूला करा. फक्त रंग उतरलेले किंवा काळपट पडलेले दाणे वेगळे मोजा आणि वेगळेच लिहा. पाच जागी खराब दाणे ४८, ६१, ५५, ३९ आणि ६२ निघाले, तर सरासरी ५३ येते. पत्रात ‘सुमारे ५३ टक्के’ लिहा, आणि पाचही आकडे लिहा. ३९ चा आकडा गाळू नका. उंचावरच्या जागी कमी नुकसान होतं हे पाहणारा जाणतो, आणि सगळीकडे सारखाच मोठा आकडा दिसला की त्याला शंका येते.

रंग उतरलेले दाणे वेगळे ठेवायचं कारण असं की हा विमा उत्पन्नातल्या घटीचा आहे, भावातल्या घटीचा नाही. काळपट धानाला व्यापारी कमी भाव देतो, आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की माल परत पाठवतात, हे नुकसान खरंच आहे. पण ‘भाव मिळणार नाही’ हे वाक्य दाव्याच्या पत्रात आलं की मूळ मुद्दा पातळ होतो. पत्रात दाणा किती गेला ते सांगा.

यावरून रक्कम कशी बसते तेही समजून घ्या, म्हणजे अपेक्षा जाग्यावर राहील. विमा संरक्षित रक्कम तुमच्या पावतीवर असेल. समजा ती हेक्टरी ५०,००० रुपये आहे. ०.९० हेक्टरची झाली ४५,०००. तिचे ५३ टक्के म्हणजे २३,८५०. चार एकर पूर्ण गेलं असं लिहिलं असतं तर मागणी ८०,००० ची दिसली असती, आणि पाहणीत ०.५० हेक्टरचं धान पुंजण्यात आढळल्यावर तुमच्या प्रत्येक आकड्यावर प्रश्न आला असता. शिवाय त्याच सातबाऱ्यावर तुम्ही पुढे खरेदी केंद्रावर धान विकणार. ‘सगळं गेलं’ आणि ती विक्रीची नोंद एकमेकांशी जुळणार नाही. अंतिम टक्केवारी संयुक्त पाहणीत ठरते, म्हणून पत्रात रुपयांचा आकडा टाकू नका.

आता तारखा. पत्रात तीन तारखा हव्यात: कापणीची, पावसाची आणि सूचना दिल्याची. कापणीची तारीख नसेल तर १४ दिवसांचा हिशोबच लागत नाही, आणि नेमकी हीच तारीख लोक विसरतात. वेगवेगळ्या दिवशी कापलं असेल तर पहिला आणि शेवटचा दिवस लिहा. पुरावा म्हणून मजुरीची वही, मजुरांना फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद, कापणीच्या दिवशी काढलेला एखादा फोटो, यातलं जे असेल ते जोडा. सूचना नुकसान झाल्यापासून ७२ तासांत द्यायची असते. तुमची दुसऱ्याच दिवशी गेली, ती बाजू भक्कम आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण कितीही चांगलं पत्र लिहिलं तरी चुकलेले ७२ तास त्याने भरून निघत नाहीत.

पावसाच्या तारखेत एक खाच आहे. हवामान विभागाच्या पद्धतीत दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा म्हणून त्या सकाळच्या तारखेला लिहितात. २६ तारखेच्या रात्री तुमच्या वावरात पडलेला पाऊस नोंदीत २७ तारखेला दिसतो. तुम्ही फक्त ‘२६ नोव्हेंबर’ लिहिलंत तर तपासणारा २६ चा रकाना बघेल, तिथे शून्य असेल, आणि तो ‘पाऊस नाही’ असा शेरा मारेल. म्हणून ‘२६ च्या रात्रीपासून २७ च्या पहाटेपर्यंत’ असं लिहा. मंडळनिहाय आकडा कृषी विभागाच्या maharain.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर मिळतो, त्या पानाची छापील प्रत जोडा. पाऊस मंडळाच्या केंद्रावर मोजतात, गावागावात नाही. तुमच्या गावात जोराचा पडला आणि केंद्रावर थोडाच, असंही होतं. तेव्हा आकडा दडवू नका. तो जोडा आणि त्याच गावातल्या इतर शेतकऱ्यांनी त्याच तारखेला दिलेल्या सूचनांचे क्रमांक, त्यांची परवानगी घेऊन, खाली लिहा. स्थानिक वर्तमानपत्रात तुमच्या भागाची बातमी आली असेल तर कात्रणही पुरावा म्हणून चालतं.

एवढं हाताशी आलं की पत्र दीड पानात होतं. नमुना देतो. रिकाम्या जागा तुमच्या कागदांवरून भरा, आकडे वरच्या उदाहरणातले आहेत.

> प्रति,
> तालुका प्रतिनिधी, (विमा कंपनीचे नाव), मौदा, जि. नागपूर
>
> प्रत: तालुका कृषी अधिकारी, मौदा
>
> विषय: अवकाळी पावसाने कापणीनंतर शेतात पसरलेल्या धानाच्या कडपांचे नुकसान, काढणीपश्चात नुकसान या बाबीखाली दावा आणि सूचनेतील कारणाची दुरुस्ती
>
> संदर्भ: १) विमा अर्ज क्रमांक …… , हंगाम खरीप …… २) नुकसान सूचना क्रमांक …… , दि. २८ नोव्हेंबर
>
> महोदय,
>
> मौजा …… , महसूल मंडळ …… , गट क्रमांक …… येथील माझ्या १.६० हेक्टर धान पिकाचा वरील क्रमांकाने विमा उतरविलेला आहे. यापैकी १.४० हेक्टर क्षेत्रातील धानाची कापणी दि. २१ ते २३ नोव्हेंबर या काळात मजुरांकडून विळ्याने केली. दि. २६ च्या रात्रीपासून दि. २७ च्या पहाटेपर्यंत अवकाळी पाऊस झाला. त्या वेळी ०.९० हेक्टर क्षेत्रातील धान सुकवण्यासाठी कडपांच्या स्वरूपात शेतातच पसरलेले होते आणि ते पूर्ण भिजले. ०.५० हेक्टरमधील धान पावसापूर्वीच पुंजण्यात रचलेले होते व ०.२० हेक्टरमधील धान उभे होते. या दोन्ही क्षेत्रांचा समावेश प्रस्तुत दाव्यात नाही.
>
> सूचना देताना सेवा केंद्रात नुकसानीचे कारण ‘पूर’ असे निवडले गेले. प्रत्यक्ष कारण ‘अवकाळी पाऊस’ असून पिकाची अवस्था ‘कापणीनंतर शेतात पसरलेले पीक’ अशी आहे. सूचना विहित ७२ तासांच्या आत दिलेली आहे. कृपया याच सूचना क्रमांकावर कारण व अवस्था यांची दुरुस्ती करून घ्यावी आणि त्याप्रमाणे पाहणी करावी.
>
> दि. ३० नोव्हेंबर रोजी शेतातील पाच ठिकाणच्या कडपांतून प्रत्येकी १०० दाणे मोजले असता कोंब फुटलेले, कुजलेले व पोचट दाणे अनुक्रमे ४८, ६१, ५५, ३९ व ६२ आढळले. सरासरी सुमारे ५३ टक्के आहे. हा माझा अंदाज असून अंतिम प्रमाण संयुक्त पाहणीत ठरवावे. उरलेले धान वाचवण्यासाठी कडपा पलटवून सुकवणे सुरू आहे. पाहणीसाठी उत्तरेकडील धुऱ्यालगतच्या व मधल्या बांधीतील कडपा पाऊस पडला तेव्हाच्या स्थितीत तशाच ठेवल्या आहेत.
>
> पाहणीची तारीख व वेळ …… या भ्रमणध्वनीवर कळवावी, ही विनंती.
>
> सोबत: १) विमा पावती २) सूचनेची पोच ३) सातबारा, आठ-अ व ई-पीक पाहणीची नोंद ४) शेताचा हाताने काढलेला नकाशा ५) क्रमांक दिलेले फोटो १ ते ८ ६) मजुरीची नोंद ७) मंडळाच्या पावसाची नोंद ८) बँक पासबुकाची प्रत
>
> आपला विश्वासू,
> (विमाधारकाची सही व नाव), दिनांक, ठिकाण

विमा बाबांच्या नावे आहे, तेव्हा सही त्यांचीच हवी, तुमची नाही. सातबारा सामाईक असेल तर पावतीवर जेवढं क्षेत्र त्यांच्या नावे आहे तेवढंच धरा.

दुरुस्तीच्या परिच्छेदावर जास्त लिहिण्याचा मोह टाळा. केंद्रातल्या मुलाला दोष देणं, सरकारला बोल लावणं, कर्जाचा डोंगर सांगणं, यातलं काही त्या पानावर नको. नवीन सूचना टाकून जुनी सोडून देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नव्या सूचनेची तारीख ७२ तासांबाहेर जाईल आणि हातातली भक्कम बाजू जाईल. दुरुस्ती जुन्याच क्रमांकावर मागायची. १४४४७ या मदत क्रमांकावर फोन करून तोच क्रमांक सांगा आणि कारण चुकल्याचं तिथेही नोंदवा. फोनचा दिवस आणि वेळ लिहून ठेवा, पत्राच्या संदर्भात ती ओळ वाढवता येते.

जोडलेल्या कागदांत ई-पीक पाहणीची नोंद आधी स्वतः वाचा. तिथे धानाऐवजी दुसरं पीक किंवा ‘पड’ दिसत असेल तर पावती, फोटो, पंचनामा सगळं बरोबर असूनही दावा अडतो, आणि त्यावर पत्रात सारवासारव करता येत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे आधी तीच नोंद दुरुस्त होऊ शकते का ते बघावं लागतं.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मी पाहिलेले बहुतेक फोटो निकामी असतात. भिजलेल्या लोंबीचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही वावरातला असू शकतो. म्हणून पहिला फोटो दुरून काढा. त्यात कडपांच्या ओळी आणि मागे ओळखता येईल अशी खूण, विहीर, विजेचा खांब, आंब्याचं झाड, एकत्र दिसू द्या. दुसरा धुऱ्यावर उभं राहून, पूर्ण बांधी दिसेल असा. मग जवळचे: तळहातावर कोंब फुटलेले दाणे, कडपेखालची ओली माती, पाणी साचलं असेल तर ते. एक फोटो बाबा वावरात उभे असलेला. पुंजण्यांचाही एक काढा, म्हणजे ते वेगळे होते हे दिसेल. अक्षांश-रेखांश आणि वेळ फोटोवरच छापणारं ॲप वापरा. मूळ फोटो फोनमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून जागेची आत दडलेली माहिती निघून जाते, पुढे पडताळणी मागितली तर मूळ फाईलच कामाला येते. हातनकाशावर प्रत्येक फोटो कुठून काढला तो आकडा टाका. नकाशा ओबडधोबड असला तरी चालतो. पाहणीला आलेला माणूस तो हातात धरूनच वावरात फिरतो.

कोंब लगेच फुटत नाहीत, पाऊस थांबल्यावर ओलावा आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत दिसू लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचे फोटो आणि दोन-तीन दिवसांनंतरचे फोटो, दोन्ही ठेवा. पहिले पाऊस सिद्ध करतात, दुसरे नुकसान. आणि पाहणीची वाट बघत सगळ्या कडपा चिखलात ठेवू नका. नियमाप्रमाणे सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत पाहणीसाठी माणूस नेमायचा आणि पुढच्या १० दिवसांत पाहणी पूर्ण करायची असते. मोठा पाऊस झाला की एका माणसाकडे अनेक गावं येतात आणि हे दिवस लांबतात. तोवर उरलेला दाणाही जाईल. नमुन्यादाखल दोन जागच्या कडपा तशाच ठेवा, बाकीच्या पलटवा. हे पत्रात आधीच लिहिलेलं असेल तर सुकवलेलं धान बघून ‘नुकसान नाही’ असा शेरा मारणं कठीण जातं.

पत्र दोन प्रतींत न्या. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. कंपनीच्या माणसाने ‘ठेवून जा’ म्हटलं आणि पोच दिली नाही, तर त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात प्रत देऊन तिथला आवक क्रमांक घ्या आणि कंपनीच्या पावतीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. दाव्याचा छापील अर्ज अर्धवट भरून दिला असेल तर पूर्ण भरलेला अर्ज नुकसान झाल्यापासून ७ दिवसांच्या आत द्यायचा असतो, तोही याच पत्राला जोडा.

पाहणी संयुक्त असते: कंपनीचा पाहणीदार, कृषी विभागाचा माणूस आणि तुम्ही. पंचनाम्यावर बाबांनी सही करण्याआधी चार रकाने वाचा: नुकसानीचं कारण, पिकाची अवस्था, बाधित क्षेत्र, टक्केवारी. ‘पूर’ किंवा ‘उभे पीक’ असं सूचनेवरून जसंच्या तसं उतरवलेलं असेल तर पत्राची शिक्का मारलेली प्रत समोर ठेवा आणि तिथेच बदलून घ्या. कोऱ्या किंवा टक्केवारी न भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. टक्केवारी पटत नसेल तर सही करताना खाली ‘प्रमाण मान्य नाही, माझ्या मोजणीप्रमाणे सुमारे ५३ टक्के, पत्र दि. ……’ एवढं लिहा आणि पंचनाम्याचा फोटो काढून घ्या. पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा तक्रार निवारण समितीकडे जायची वेळ आली तर हीच ओळ आणि शिक्क्याची प्रत तुमच्या बाजूने बोलते. तुमच्या महसूल मंडळात बाधित क्षेत्र विमा उतरवलेल्या क्षेत्राच्या २५ टक्क्यांवर गेलं तर प्रत्येक वावराऐवजी नमुना पाहणी होते. तेव्हा तुमच्या वावरात कोणी आलं नाही म्हणून लगेच तक्रार करू नका, आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

तुमच्या हंगामात काढणीपश्चात नुकसानीची बाब नसेल, तर वैयक्तिक दाव्याचा हा रस्ता बंद आहे. मंडळाच्या पीक कापणी प्रयोगात उत्पन्न उंबरठ्याखाली आलं तरच विम्याचे पैसे येतील, आणि त्यासाठी पत्राची गरज नसते. तेव्हा हेच पत्र तहसीलदारांच्या नावे करा. विषय ‘अवकाळी पावसाने झालेल्या नुकसानीचा पंचनामा’ असा ठेवा, विम्याच्या दाव्याची आणि दुरुस्तीची वाक्यं काढा, बाकी क्षेत्र, तारखा, मोजणी आणि फोटो तसेच राहू द्या. आपत्ती निधीतून मिळणारी मदत ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मिळते, म्हणून पाच जागांची मोजणी तिथेही लागेल. ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी पंचनाम्याला येतील तेव्हा त्यांनाही तोच हातनकाशा द्या.

तुमच्या पावतीवरचा हंगाम, कापणीच्या खऱ्या तारखा आणि कडपांतलं क्षेत्र एवढं इथे खाली लिहा. नाव, गट क्रमांक किंवा बँकेचा तपशील टाकू नका. ते बघून पत्रातला दुरुस्तीचा परिच्छेद तुमच्या बाबतीत कसा लिहायचा ते सांगतो.